बाबांच्या खात्यावर खेळणारा मुलगा

प्लेस्टेशन 5 घरात येतो ती संध्याकाळ बहुतेक घरांत सारखीच असते. खोक्यातून यंत्र निघतं, केबल टीव्हीला जोडली जाते, मुलगा कंट्रोलर हातात घेऊन तयार बसतो आणि पडद्यावर एकामागून एक प्रश्न यायला लागतात. ईमेल काय, देश कुठला, जन्मतारीख काय? सगळ्यांनाच घाई असते. मग बाबांचा ईमेल टाकला जातो, बाबांचीच जन्मतारीख टाकली जाते, पहिला गेम विकत घ्यायला बाबांचं क्रेडिट कार्ड जोडलं जातं आणि कार्ड लक्षात ठेवायचं का, या प्रश्नावर कुणीतरी 'हो' दाबून मोकळं होतं. थोड्याच वेळात खेळ सुरू.

त्या संध्याकाळपासून कन्सोलच्या लेखी समोर बसलेला अकरा वर्षांचा मुलगा हा चाळिशीतला गृहस्थ असतो. काही दिवसांनी बँकेचा मेसेज येतो तेव्हा पालक सेटिंग्जमध्ये शिरून खर्चाची मर्यादा शोधू लागतात आणि ती त्यांना कुठेच सापडत नाही. सापडणार कशी? प्लेस्टेशनवर महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते ती फक्त मुलाच्या खात्यावर. मोठ्या माणसाच्या खात्याला तशी सोयच नाही. त्यामुळे प्रश्न मर्यादा किती ठेवायची हा नंतरचा आहे. मूल कुणाच्या नावाने खेळतंय हा पहिला.

ही गफलत किती महाग पडू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 'फोर्टनाइट' हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून 52 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीबद्दलचा दंड म्हणून आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. परताव्याच्या भागातले आरोप वाचण्यासारखे आहेत. 2018 पर्यंत मुलांना या गेममधलं वी-बक्स नावाचं चलन नुसतं बटण दाबून घेता येत होतं, कार्ड ज्याचं त्याला काही विचारलं जात नव्हतं. शिवाय बटणांची मांडणी अशी गोंधळाची होती, की एखादा पोशाख नुसता पाहायला जावं आणि शेजारचं बटण दाबलं जाऊन तो विकत घेतला जावा. गेम लोड होत असताना किंवा झोपलेला गेम जागा करतानाही खरेदी होऊन जाई, असं कमिशनचं म्हणणं होतं. आणि ज्या ग्राहकांनी बँकेकडे तक्रार करून पैसे अडवले, त्यांची खातीच कंपनीने बंद केली होती.

भारतातल्या पालकांना यावर एक उत्तर तयार असतं: आपल्याकडे ओटीपी येतो. ते बरंचसं खरं आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कार्डावरून जे काही न विचारता वजा होऊ शकतं, ते डोंबिवलीतल्या कार्डावरून जाताना फोनवर सहा आकडे मागितले जातात. पण या तटबंदीला दोन खिंडारं आहेत. एक म्हणजे परदेशी विक्रेत्याकडे कार्ड वापरलं, तर दरवेळी ओटीपी मागितला जाईलच असं नाही. दुसरं जास्त नेहमीचं. प्लेस्टेशन स्टोअरमध्ये प्रत्येक खात्याला एक वॉलेट असतं. एकदा ओटीपी देऊन त्यात चार हजार रुपये भरले, की पुढे त्या चार हजारांतून होणाऱ्या खरेदीशी बँकेचा काही संबंध उरत नाही. मेसेज नाही, ओटीपी नाही. दिवाळीत मिळालेलं गिफ्ट कार्ड बाबांच्या खात्यावर भरलं असेल, तर तीच गत.

म्हणून सुरुवात मुलाला स्वतःचं खातं काढून देण्यापासून करायची. याला घरातून विरोध होतो तो दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं जरा नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण असं, की सगळे गेम बाबांच्या खात्यावर घेतलेले आहेत, मग मुलाच्या खात्यावर ते परत घ्यायचे का? तशी गरज नसते. प्लेस्टेशन 5 वर Console Sharing and Offline Play नावाची एक सोय आहे. बाबांच्या खात्यावरून ती घरच्या यंत्रावर सुरू असेल, तर त्या यंत्रावरच्या कुठल्याही खात्याला बाबांचे गेम खेळता येतात. ऑनलाइन खेळायला लागणारी प्लेस्टेशन प्लसची वर्गणीही बाबांची एकच पुरते. डिस्कवरचे गेम तर कुणाच्याच खात्याला बांधलेले नसतात. मुलाला ही गोष्ट आधी सांगितली, तर निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

दुसरं कारण अवघड आहे. मुलाने वर्षभर खेळून मिळवलेली प्रगती बाबांच्या खात्यावर साठलेली असते. साठवलेला खेळ एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर उचलून नेता येत नाही. ज्या गेमची प्रगती गेम कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन खात्यावर असते, तिथे कधीकधी मार्ग निघतो. पण फुटबॉल गेममधली कारकीर्द किंवा एखादी अर्धवट मोहीम पुन्हा पहिल्यापासून खेळावी लागते. अकरा वर्षांच्या मुलासाठी हे नुकसान खरोखरच मोठं असतं, त्याला उगाच हट्ट म्हणण्यात अर्थ नाही. चालू मोहीम संपू द्यावी आणि पुढचा नवा गेम त्याच्या स्वतःच्या खात्यावर सुरू करावा, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा तोडगा.

आता एक घर डोळ्यांसमोर धरू. आई, बाबा, पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. कन्सोलवर बाबांचं एकच खातं आहे.

बाबांनी आपल्या खात्यातून Settings मध्ये जायचं, तिथे Family and Parental Controls आणि त्यात Family Management उघडायचं. पहिल्यांदाच उघडत असतील, तर तिथे कुटुंब तयार होतं आणि बाबा त्याचे व्यवस्थापक होतात. मग Add Family Member दाबून मुलाचं नवं खातं काढायचं. कंट्रोलरने एकेक अक्षर टिपत बसायचं नसेल, तर हेच काम संगणकावर किंवा फोनवर ब्राउझरमधून होतं. सप्टेंबर 2025 मध्ये सोनीने PlayStation Family नावाचं वेगळं ॲपही आणलं आहे. खातं काढलं, की पुढचे बदल आणि मुलाच्या विनंत्या त्यातून फोनवरच हाताळता येतात. आईला प्रौढ सदस्य म्हणून जोडून तिलाही पालकाचे अधिकार देता येतात, आणि ते द्यावेतच. नाहीतर बाबा मीटिंगमध्ये असताना घरात निर्णय अडतो आणि मूल शेवटी बाबांचा पासवर्ड मागतं.

या नोंदणीत दोन जागा फसव्या आहेत. जन्मतारीख खरी टाकायची. खातं झाल्यावर ती आपणहून बदलता येत नाही, आणि मुलाचं जन्मवर्ष 1990 टाकलेलं खातं कायम प्रौढच राहतं. ते कुटुंबात जोडलं तरी त्याच्यावर कुठलीच मर्यादा लागत नाही. असं खातं आधीच काढून झालेलं असेल, तर ते बाजूला ठेवून नवं काढणं हाच सरळ मार्ग. दुसरी जागा ईमेलची. मुलाच्या खात्याला वेगळा ईमेल लागतो. तो कुठलाही असो, त्याचा पासवर्ड पालकांकडे हवा, कारण खात्याचा पासवर्ड विसरल्याची चिठ्ठी तिथेच येते.

देशाचाही विचार नोंदणीच्या वेळीच करायचा. अमेरिकेतल्या काकाने हौसेने स्वतःसारखंच अमेरिकेचं खातं भाच्याला काढून दिलं, तर त्याचं वॉलेट डॉलरमध्ये राहतं आणि पुढे देश बदलता येत नाही. उलट, भारतातल्या खात्यावर काकाने पाठवलेलं डॉलरचं गिफ्ट कार्ड चालत नाही. भेट द्यायचीच असेल, तर रुपयांतलं कार्ड भारतातूनच घ्यावं.

खातं झालं, की वयोगटानुसार तयार बंधनांचा एक संच पडद्यावर येतो. तो स्वीकारून मग एकेक ओळ आपल्या घराप्रमाणे बदलणं सोपं जातं. त्यात Monthly Spending Limit ही ओळ असते. मुलांच्या खात्यावर ती मुळात शून्यच असते. म्हणजे पालकांनी काहीच केलं नाही, तरी मुलाच्या खात्यावरून खर्च होत नाही. ज्या यंत्रणेबद्दल पालक इतके धास्तावलेले असतात, तिची मूळ मांडणी त्यांच्याच बाजूची आहे. तिला बाजूला सारलं जातं ते त्या पहिल्या संध्याकाळी.

शून्य ठेवायचं की वाढवायचं? इथे खरेदीचे दोन प्रकार वेगळे करून पाहिले, तर उत्तर आपोआप मिळतं. अख्खा गेम घ्यायचा असेल, तर तो मुलाच्या खात्यावर घ्यायची काहीच गरज नाही. बाबांनी तो आपल्या खात्यावर घ्यावा, मुलाला तो खेळता येणारच आहे. समजा, मुलाची मर्यादा पाचशे आहे आणि हवा असलेला गेम पंधराशेला मिळतोय. अशा वेळी बरेच पालक मर्यादा दोन हजारांवर नेतात, गेम घेतात आणि मर्यादा पुन्हा खाली आणायला विसरतात. पुढच्या महिन्यात दोन हजारांची मोकळीक तशीच राहते. ही चूक फार होते. मोठी खरेदी पालकांच्या खात्यावरूनच करायची असं ठरवलं, तर मर्यादेला हात लावायची वेळच येत नाही.

दुसरा प्रकार गेममधल्या चलनाचा. वी-बक्स किंवा फुटबॉल गेममधले एफसी पॉइंट्स ज्या खात्यावर घेतले त्याच खात्यावर जमा होतात, बाबांनी घेतले तर ते मुलाला वापरता येत नाहीत. मर्यादा शून्याच्या वर न्यायचं प्रामाणिक कारण हे एवढंच. आपल्या या घरात मुलाची मर्यादा शून्य ठेवता येईल आणि मुलीला महिन्याचे पाचशे रुपये देता येतील. तिला मिळणारे पाचशे म्हणजे तिच्या नावावर टाकलेले पैसे नव्हेत, त्या महिन्यात त्यापलीकडे जायचं नाही अशी रेघ आहे. तीन महिने काही घेतलं नाही म्हणून चौथ्या महिन्यात दोन हजार होत नाहीत. मुलांना हे आधी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर त्यांच्या हिशेबात ती बचत असते.

पैसा कुठून येतो तेही ठरवून टाकावं. मुलाच्या खात्याच्या खर्चाला पैसा शेवटी पुरवतो तो कुटुंबाचा व्यवस्थापक. त्याच्या खात्यावर कार्ड जोडलेलंच नसलं आणि वॉलेटमध्ये लागेल तेवढीच रक्कम गिफ्ट कार्डाने भरली, तर सेटिंग्जमध्ये काहीही चुकलं तरी नुकसान वॉलेटमधल्या रकमेपुरतं राहतं. कार्ड ठेवायचंच असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाची ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची कमाल रक्कम खाली आणता येते. बँकांनी ग्राहकांना ही सोय द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2020 मध्येच बंधनकारक केलं आहे. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ती बँकेच्या ॲपच्या एका कोपऱ्यात न उघडलेली पडून असते.

एवढं झाल्यावर पालकांना वाटतं, काम झालं. मुलाला मात्र लगेच कळतं, की कन्सोल सुरू केल्यावर पडद्यावर आपल्या चित्राशेजारी बाबांचंही चित्र दिसतंय, आणि त्यावर बटण दाबलं की थेट आत जाता येतंय.

हे दार बंद करणं मर्यादा घालण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. बाबांच्या खात्याच्या लॉगिन सेटिंगमध्ये चार आकडी पासकोड लावता येतो. तो लावायचा. यंत्र सुरू होताच आपोआप बाबांच्या खात्यात शिरायची सोय चालू असेल तर ती बंद करायची. पैसे देताना दरवेळी पासवर्ड मागण्याचा पर्याय खात्यात असतो, तो चालू करायचा. पासकोडचे चार आकडे म्हणजे घराच्या गाडीचा नंबर किंवा लग्नाचं वर्ष नको, आणि कंट्रोलरवर ते टिपताना मूल शेजारी बसलेलं असतं हेही लक्षात असू द्यावं.

आणखी एक कुलूप यंत्राचं स्वतःचं आहे. Family and Parental Controls मध्येच PS5 Console Restrictions असा भाग आहे आणि त्याचा पासकोड कारखान्यातून 0000 असा येतो. अनेक घरांत तो आजही 0000 च आहे. तो बदलून तिथे नवं खातं तयार करणं आणि पाहुणा म्हणून शिरणं, या दोन्ही गोष्टी बंद करता येतात. त्या उघड्या राहिल्या, तर मूल 1990 सालची जन्मतारीख टाकून यंत्रावर आणखी एक प्रौढ खातं काढतं. त्या नव्या खात्यावर बाबांचं कार्ड नसतं हे खरं, पण वाढदिवसाला मित्राने दिलेलं गिफ्ट कार्ड तिथे भरता येतं आणि मग त्याला ना रकमेची मर्यादा, ना वेळेची, ना वयाची.

हा यंत्राचा पासकोड पालकच विसरले, तर मात्र पंचाईत होते. यंत्र पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि हो, तेच काम मूलही करू शकतं. यंत्र पुसलं तर यंत्राचं कुलूप जातं, पण मुलाच्या खात्यावरच्या मर्यादा सोनीच्या सर्व्हरवर असतात, त्या तशाच राहतात. नियम खात्यावर बसवण्याचा हा मोठा फायदा. कन्सोल अचानक 'बिघडला म्हणून रीसेट केला' असं ऐकू आलं, तर पालकांनी आधी यंत्राची बंधनं पुन्हा तपासावीत.

सगळं नीट बसलंय का, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे स्वतः मूल होऊन पाहायचं. मुलाच्या खात्यात शिरून स्टोअरमधली एखादी स्वस्त वस्तू घ्यायचा प्रयत्न करावा. मर्यादा शून्य असेल तर व्यवहार अडला पाहिजे. मग यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावं आणि बाबांच्या चित्रावर बटण दाबून पाहावं. पासकोड मागितला गेला पाहिजे. शेवटी नवं खातं काढायचा प्रयत्न करावा. तिन्ही ठिकाणी अडवणूक झाली, की समजावं. यापुढे लक्ष ठेवायला बाबांच्या खात्यातला Transaction History आणि खरेदीनंतर ईमेलवर येणारी पावती पुरते. सतत छोट्याछोट्या रकमा दिसत असतील, तर तो बहुधा गेममधल्या चलनाचा खर्च असतो. अख्खे गेम कुणी आठवड्यातून तीनदा घेत नाही.

या सगळ्याला न दिसणारा खर्च कुठला, हे समजून घेतलं नाही तर पालक फसवले गेल्यासारखे चिडतात. कन्सोलची मर्यादा फक्त प्लेस्टेशन स्टोअरमधून जाणारे रुपये मोजते. पाचशे रुपयांचं चलन एकदा घेतलं, की ते गेममध्ये कशावर उडवलं, किती वेळात उडवलं, हे तिला माहीत नसतं. 'रोब्लॉक्स' 2023 पासून प्लेस्टेशनवर आहे, पण त्याचं खातं रोब्लॉक्सचं स्वतःचं असतं. मुलाने आईच्या फोनवरून गूगल प्लेमधून रोबक्स घेतले, तर तेच रोबक्स संध्याकाळी टीव्हीसमोर वापरता येतात आणि कन्सोलच्या हिशेबात तो खर्च शून्यच राहतो. त्यासाठी रोब्लॉक्सच्या स्वतःच्या पालक-सेटिंगमध्ये वेगळी मासिक मर्यादा घालावी लागते आणि फोनच्या स्टोअरलाही पासवर्ड लावावा लागतो.

दुसरा गैरसमज वयाच्या शिक्क्याबद्दल आहे. गेमच्या खोक्यावर बऱ्याचदा युरोपातल्या पेगी या संस्थेचे 3, 7, 12, 16, 18 असे आकडे दिसतात. पालक मुलासाठी 12 ची पातळी ठेवतात आणि 3 चा आकडा पाहिला की निर्धास्त होतात. तो आकडा मारामारी, भाषा, भीतिदायक दृश्यं अशा गोष्टींवरून ठरतो. खर्चाचा त्याच्याशी बराच काळ संबंध नव्हता. 'ईए स्पोर्ट्स एफसी 24' या फुटबॉल गेमला पेगीचा 3 मिळाला आहे, आणि त्याच गेममध्ये अल्टिमेट टीम नावाचा प्रकार आहे. त्यात एफसी पॉइंट्स देऊन खेळाडूंची बंद पाकिटं घ्यायची. आत एम्बाप्पे निघेल की कुणी अनोळखी बचावपटू, हे पाकीट फोडल्यावरच कळतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगारात काढलं आणि त्यानंतर ईएने त्या देशात हे पॉइंट्स विकणं थांबवलं. पेगीनेही त्याच वर्षी खोक्यावर गेममधल्या खरेदीची खूण छापायला सुरुवात केली आणि 2020 पासून त्यात यादृच्छिक वस्तू असतील तर तसंही लिहायला लावलं. दुकानात खोकं उलटं करून हातात बँकेचं कार्ड धरलेलं ते छोटं चित्र शोधावं; मर्यादा किती ठेवायची याचं उत्तर वयाच्या आकड्यापेक्षा तिथे जास्त मिळतं.

वेळेची आणि गप्पांची बंधनंही याच जागी असतात. रोज किती वेळ आणि किती वाजेपर्यंत, हे वारानुसार ठरवता येतं. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की खात्यातून बाहेर काढायचं, हा पर्याय मात्र जपून निवडावा. ऑनलाइन सामना रंगात आला असताना मूल बाहेर फेकलं गेलं, तर संघातले मित्र ओरडतात आणि राग पालकांवर निघतो. सूचनेपासून सुरुवात केलेली बरी. अनोळखी लोकांशी बोलणं बंद ठेवून मूल परवानगी मागेल तेव्हा एकेका गेमसाठी ते उघडता येतं. ही विनंती पालकांच्या फोनवर येते.

इतर कन्सोलांचा स्वभाव थोडा वेगळा. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टचा कुटुंब-गट असतो. तिथे मुलाच्या खात्यात पालकांनी थेट रक्कम टाकायची किंवा प्रत्येक खरेदीसाठी मुलाने विचारायचं, अशी रचना आहे. महिन्याची रेघ आखण्यापेक्षा ज्यांना दरवेळी 'हो' किंवा 'नाही' म्हणायला आवडतं, त्यांना ती सोयीची वाटते. निन्टेन्डो स्विच भारतात कंपनी स्वतः अधिकृतपणे विकत नाही, पण परदेशातून आलेले बरेच दिसतात. त्याच्या फोन ॲपमधली वेळेची मर्यादा संपूर्ण यंत्राला लागते. भावंडं असलेल्या घरात त्यामुळे धाकट्याचा वेळ थोरला खाऊन टाकतो. खर्च मात्र तिथेही मुलाच्या निन्टेन्डो खात्यावरूनच अडवावा लागतो.

हे सगळं वाचताना ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. प्लेस्टेशन स्टोअरमधला गेम चौदा दिवसांच्या आत परत करता येतो, पण तो डाउनलोड करायला सुरुवात केलेली नसेल तरच. गेममधलं चलन खात्यावर जमा झालं, की काही बिघाड नसेल तर ते परत घेतलं जात नाही. म्हणून मेसेज दिसताच आधी मुलाला थांबवायचं, काहीही डाउनलोड होऊ द्यायचं नाही, आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे त्याच दिवशी विनंती टाकायची. बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवायचा मोह आवरावा. रक्कम अशी परस्पर परत घेतली, तर कंपनी ती थकबाकी धरते आणि खातं बंद करते. त्या खात्यावर वर्षानुवर्षं घेतलेले सगळे गेमही मग त्याच्यासोबत बंद होतात. कार्ड चोरीला गेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण घरातल्याच मुलाने बटण दाबलं असेल, तर आधी कंपनीकडे, आणि तिथे काहीच झालं नाही तर नुकसान किती आणि खात्यावरचे गेम कितीचे, याचा हिशेब मांडूनच बँकेकडे जावं.